खत नको, आधी जिप्सम
कृष्णाकाठच्या एका ऊस उत्पादकाला माती परीक्षण प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचं पत्र

अण्णा,

नदीकडच्या रानाचा अहवाल सोबत जोडला आहे. ऊस खुरटलाय, तर एकरी खत किती वाढवू, असं तुम्ही विचारलं होतं. खताच्या रकान्यात मी ‘सध्या वाढवू नये’ एवढंच लिहिलं आहे आणि त्याखाली जिप्समचा आकडा दिला आहे. तो का, हे सांगायला हे पत्र.

अहवालातले तीन आकडे आधी बघा. सामू 9.1 आहे. साडेआठच्या वर गेला की जमिनीचं काहीतरी बिनसलं आहे, असं समजायचं. दुसरा आकडा क्षारतेचा, 1.2. हा 4 च्या वर गेला असता तर रान खारवट म्हटलं असतं. तुमचं तसं नाही. तिसरा आकडा विनिमययोग्य सोडियमचा, 18 टक्के. मातीच्या बारीक कणांना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, सोडियम हे सगळे चिकटून बसलेले असतात. त्यातला सोडियमचा वाटा 15 टक्क्यांच्या पुढे गेला, की ती जमीन चोपण. तुमच्यासारख्या भारी काळ्या रानात त्याआधीच त्रास सुरू होतो.

खारवट रानावर उन्हाळ्यात पांढरी पापुद्री येते. चोपण रान तसं ओरडून सांगत नाही. ते काळपट, गुळगुळीत दिसतं. भिजलं की पाय घसरतो, वाळलं की नांगराचा फाळ शिरत नाही. सरीत पाणी चार-चार दिवस उभं राहतं आणि वाफसा येतच नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं नेमकी हीच आहेत.

हे सोडियममुळे होतं. कॅल्शियम मातीचे कण एकमेकांजवळ धरून ठेवतो. त्यांचे बारीक गोळे होतात आणि गोळ्यांमधल्या पोकळीतून पाणी खाली जातं, हवा आत येते. सोडियमची धरून ठेवण्याची ताकद कमी. पाणी मिळालं की कण सुटे होतात, वाहत जाऊन त्याच पोकळीत बसतात आणि जमिनीची वाट बुजते.

हे घरी बघता येईल. काचेचे दोन ग्लास घ्या. दोन्हींत पावसाचं पाणी भरा. पावसाचं नसेल तर बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी चालेल, विहिरीचं मात्र नको, कारण त्यातल्या क्षारांनी निकाल फसवा येतो. दोन्हींत त्या रानातली चमचाभर माती ढवळा. एकात चिमूटभर जिप्समची पूड टाका आणि पुन्हा ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी जिप्समच्या ग्लासात गाळ तळाला बसून वर पाणी नितळ झालेलं असेल. दुसरं पाणी गढूळच राहील. तुमच्या नमुन्यावर आम्ही हेच करून पाहिलं.

आता खताचं. अशा रानात उसाच्या मुळ्यांना हवा मिळत नाही, त्यामुळे समोर असलेलं अन्नही त्या उचलू शकत नाहीत. युरिया वरून टाकला, तर एवढ्या सामूवर त्यातल्या नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. सरीत पाणी साचलं की उरलेल्यातलाही काही भाग वायू होऊन जातो. लोह आणि जस्त मातीत असूनही विरघळत नाहीत, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात. ती पिवळी दिसली की आपण आणखी एक पोतं युरिया टाकतो. पालाश तर अहवालात भरपूर दिसतोच आहे. म्हणजे अडचण अन्न कमी असण्याची नाही, ते मुळीपर्यंत न पोचण्याची आहे. जमिनीची वाट उघडेपर्यंत जादा खताचा पैसा वाया जाणार.

तुम्ही म्हणाल, रानात चुनखडीचे खडे पडलेत, त्यात कॅल्शियम नाही का? आहे, पण एवढ्या सामूला चुनखडी जवळजवळ विरघळत नाही. म्हणून वरून चुना टाकूनही उपयोग नाही. जिप्सम मात्र लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. त्यातला कॅल्शियम कणावर जाऊन बसतो, सोडियमला हुसकावतो, आणि हुसकावलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर खाली जाऊ शकतो.

तुमच्या एकराचा हिशेब असा. वरची 20 सेंटिमीटर माती साधारण साडेदहा लाख किलो भरते. सोडियम 18 वरून 10 टक्क्यांवर आणायचा, तर तुमच्या मातीला किलोमागे सुमारे साडेतीन ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतो, म्हणजे एकरी 3.6 टन. बाजारातला जिप्सम 80 टक्के शुद्ध धरला तर साडेचार टन. तो एकदम घालायची गरज नाही. यंदा निम्मा घाला, सव्वादोन टन, म्हणजे 50 किलोची 45 पोती. पुढच्या वर्षी माती पुन्हा तपासून उरलेला ठरवू. पोत्यावरची शुद्धता वाचून घ्या. ती कमी असली तर पोती वाढतील. माल बारीक दळलेला हवा, खडे वर्षभर तसेच पडून राहतात.

पण जिप्समच्याही आधीचं काम म्हणजे निचरा. हुसकावलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर तो तिथेच घुटमळतो आणि सगळा खर्च पाण्यात. गिरमिटाने पाच-सहा फूट भोक पाडून एक दिवस थांबा. पाणी चार फुटांच्या आत आलं, तर आधी रानाच्या खालच्या अंगाला चर काढा. चराचं पाणी पुढे ओढ्यापर्यंत गेलं पाहिजे. शेजाऱ्याच्या बांधाला अडलं तर ते तुमच्याकडेच परत येईल.

चर झाला की मे महिन्यात रान उभं-आडवं नांगरा, सपाट करा आणि जिप्सम सारखा फेकून कुळवाने वरच्या चार-पाच इंचांत मिसळा. नांगराने खोल गाडू नका. बांध घालून पावसाचं पाणी रानातच मुरू द्या. पहिल्या पावसाचं पाणी क्षारविरहित असतं, आणि नुसत्या चोपण रानाला तेच सर्वांत जास्त फोडतं. म्हणून जिप्सम त्याआधी पडलेला हवा. जुलैत धैंचा पेरा आणि दीड महिन्याने, फुलोऱ्याच्या आत, गाडा. त्याच्या मुळ्या जमीन पोकळ करतात. शेणखत किंवा कारखान्याची कुजवलेली मळी मिळाली तर तीही घाला.

एक गोष्ट अजून तपासायची राहिली आहे. विहिरीच्या पाण्यात सोडाखार जास्त असेल, तर प्रत्येक पाळीबरोबर तुम्ही सोडियम परत भरत राहाल आणि जिप्सम दरवर्षी लागेल. मोटर अर्धा तास चालवून मग स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी घ्या आणि पाठवून द्या.

वर्षभरात सगळं बदलेल असं मी म्हणत नाही. पहिला फरक पिकात दिसणार नाही, सरीत दिसेल: चार दिवस उभं राहणारं पाणी लवकर जिरायला लागेल. तसं झालं की खताचा हिशेब मी स्वतः करून देईन. नाही झालं, तर दोष बहुधा चरात असेल, आणि तिथेच बघायचं. यंदा मात्र जादा खताचे पैसे चर आणि जिप्सम यांवर घाला, आणि पाण्याचा अहवाल येईपर्यंत लागण थांबवा.

आपला,
माती परीक्षण प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ