जाडी वाढली, चिवटपणा घटला

७०७५-टी६ हा विमानबांधणीतला जुना, नावाजलेला ॲल्युमिनियम मिश्रधातू. त्याचा दोन मिलिमीटरचा पत्रा आणि पंचवीस मिलिमीटरची प्लेट घेऊन दोन्हींत बारीक चीर पाडली आणि चीर धावेपर्यंत ओढलं, तर प्लेटचा चिवटपणा साधारण २७ मेगापास्कल-√मीटर भरतो. पत्र्याचा मात्र याच्या दुपटीच्या आसपासही जातो. चीर पुढे नेण्यासाठी लागणारी ऊर्जा या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे पत्र्याला दर चौरस सेंटिमीटरमागे जवळपास चौपट ऊर्जा लागते. धातू तोच आणि उष्णतासंस्कारही तोच. फरक फक्त जाडीचा.

तुटलेले तुकडे हातात घेतले की कारणाची पहिली खूण दिसते. पत्र्याचा भंगपृष्ठभाग पूर्ण तिरका, सुमारे ४५ अंशांचा असतो. प्लेटचा मधला भाग सपाट, ओढीच्या दिशेला काटकोनात असतो आणि दोन्ही बाहेरच्या कडांनाच तिरकी पट्टी दिसते. ही पट्टी जाडीबरोबर फारशी रुंदावत नाही. त्यामुळे जाड तुकड्यात तिचा वाटा किरकोळ राहतो आणि पातळ पत्र्यात दोन्ही पट्ट्या मिळून सगळी जाडी व्यापतात.

ओढलेलं रबर जसं बारीक होतं, तसा चिरेच्या टोकाशी ताणला गेलेला धातू जाडीच्या दिशेने आकसू पाहतो. पृष्ठभागाशी त्याला कोणी अडवत नाही, म्हणून तिथे जाडीच्या दिशेचा ताण शून्य. ही प्लेन स्ट्रेसची स्थिती. प्लेटच्या पोटात मात्र टोकाजवळच्या इवल्याशा भागाभोवती कमी ताणलेला धातू असतो. तो आकसत नाही आणि आतल्यालाही आकसू देत नाही. तिथे आकुंचन शून्य आणि जाडीच्या दिशेने ताण मात्र उभा राहतो. हे प्लेन स्ट्रेन.

आता हिशेब करून पाहू. चिरेच्या समोरच्या रेषेवर पृष्ठभागाला समांतर असलेल्या दोन्ही दिशांचे ताण सारखेच असतात. प्रत्येक १०० धरा. पॉइसन गुणोत्तर एक-तृतीयांश घेतलं, तर पोटात तिसऱ्या दिशेचा ताण दोघांच्या बेरजेच्या एक-तृतीयांश, म्हणजे ६७ येतो. धातू यील्ड होतो तो ताणांमधल्या फरकामुळे. तिन्ही दिशांनी सारखं ओढलं तर तो यील्ड होतच नाही. पृष्ठभागाशी हा फरक १०० वजा ० आहे, पोटात केवळ ३३. म्हणजे पोटातला धातू यील्ड व्हायला ताण यील्ड मर्यादेच्या तिपटीपर्यंत चढावा लागतो. तोवर आतले कठीण कण फुटतात, पोकळ्या होतात, त्या जुळतात आणि चीर सरकते. कायमच्या विरूपणात ऊर्जा जिरायला तिथे वावच उरत नाही. आकडा घसरतो तो याचमुळे.

घसरण अमर्याद नसते. सपाट भागाचं वर्चस्व झालं की आकडा एका पातळीवर स्थिरावतो आणि तोच धातूचा गुणधर्म म्हणून वापरता येतो. त्याला के-वन-सी म्हणतात. दुसऱ्या टोकाला, फारच पातळ पत्र्यात चिवटपणा पुन्हा उतरतो, कारण ऊर्जा जिरवणारा धातूच कमी उरतो.

जाडी किती पुरेशी, हा प्रश्न अमेरिकेत पोलारिस क्षेपणास्त्राच्या काळात ऐरणीवर आला. रॉकेट मोटरची उच्चबल पोलादी कवचं चाचणीत फुटत होती. नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतल्या जॉर्ज अर्विन यांच्या कामावर पुढची चाचणीपद्धती उभी राहिली आणि तिचं ई-३९९ हे मानक झालं. त्यातला मूळ नियम असा: चिवटपणाला यील्ड मर्यादेने भागा, वर्ग करा, अडीचने गुणा, जाडी त्याहून कमी नको. आपल्या मिश्रधातूला २७ भागिले ५००, वर्ग करून अडीचपट, म्हणजे सुमारे ७.३ मिलिमीटर. पंचवीसची प्लेट सहज बसते, दोनचा पत्रा बसत नाही.

अडचण अशी की चाचणीआधी चिवटपणा माहीत नसतो. म्हणून आधी तात्पुरता आकडा, के-क्यू, काढतात आणि मग तपासतात. भार आणि चिरेचं उघडणं यांच्या आलेखावर सुरुवातीच्या उतारापेक्षा पाच टक्के कमी उताराची रेषा ओढून भार वाचला जातो. कमाल भार याच्या १.१० पटीपेक्षा वर गेला, तर नमुना यील्ड होत ऊर्जा जिरवत होता, हे उघड होतं. असा आकडा के-वन-सी ठरत नाही.

चिवट पोलादात हा नियम अवघड जागी नेतो. अणुभट्टीच्या पात्राचं ए-५३३बी पोलाद घ्या: यील्ड ४८०, चिवटपणा १८० धरला तर साडेतीनशे मिलिमीटर जाडी हवी. अमेरिकेत अशा पोलादाचे बारा इंच जाडीचे नमुने खरोखर तोडले गेले. जेम्स राइस यांनी १९६८ साली मांडलेल्या जे-इंटिग्रलने पुढे लहान नमुन्यांवर भागू लागलं.

माझं मत स्पष्ट आहे. पातळ नमुन्यावर काढलेला के-क्यू जाड फोर्जिंगच्या हिशेबात घालणं ही धोकादायक चूक आहे, कारण तो खऱ्या आकड्यापेक्षा मोठा असतो आणि धातू सोसेल त्याहून मोठी चीर चालेल असं दाखवतो. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर चिवटपणाचा आकडा दिसला, तर नमुन्याची जाडी किती होती आणि चाचणी वैध ठरली का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो वापरू नका.