व्हिडिओ नळदुर्गचाच कशावरून?

पावसाळ्यात बोरी नदीला पूर आला की नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे कोसळू लागतात आणि 'आजचे नळदुर्ग' म्हणून व्हिडिओ फिरू लागतात. त्यांतला एखादा खरोखर तिथलाच आहे का, हे नुसत्या ओळखीवर सांगणे धोक्याचे. काळा दगड, तटबंदी आणि पांढरे पाणी महाराष्ट्रात इतरत्रही सापडते. पण व्हिडिओ म्हणजे ओळीने ठेवलेली छायाचित्रे, आणि एका छायाचित्रात नसलेला पुरावा दोन छायाचित्रांमधल्या फरकात असतो. म्हणून आधी सगळ्या चौकटी सुट्या करायच्या:

```
ffmpeg -i video.mp4 frame_%04d.png
```

सेकंदाला 30 चौकटी असतील, तर वीस सेकंदांच्या व्हिडिओतून सुमारे 600 चित्रे मिळतात. त्यांत चित्रीकरण करणारा चालत असेल, तर जवळचा बुरूज भराभर सरकतो आणि दूरचा हळू. कोण पुढे, कोण मागे हे त्यावरून कळते. तो जागीच उभा राहून फोन फिरवत असेल, तर दोन्ही बरोबरच सरकतात आणि हा पुरावा मिळत नाही. आता अशी चौकट शोधायची, जिच्यात हे धबधबे ज्यावरून कोसळतात त्या बंधाऱ्याची कड आणि मागच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याच्या एखाद्या बुरुजाची कड नेमक्या एकावर एक येतात. उपग्रहचित्रावर या दोन बिंदूंतून रेषा काढून पुढे वाढवली, की त्या क्षणी कॅमेरा त्याच रेषेवर कुठेतरी होता हे ठरते. त्याच चौकटीत अशी दुसरी जोडी मिळाली, तर जिथे रेषा छेदतात ती उभे राहण्याची जागा. तो छेद पाण्यात किंवा तटाच्या पोटात पडला, तर आपली ओळख चुकली.

पडणारे पाणीही मोजमाप देते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, पोटात पाणीमहाल असलेला हा बंधारा सुमारे 19 मीटर उंच सांगतात. अडथळ्याविना तेवढे पडायला साधारण दोन सेकंद, म्हणजे 60 चौकटी लागतात. पाण्याचा एखादा ठळक लोळ धरून चौकटी मोजता येतात. यावर आक्षेप असा की पाणी भिंतीला घासते, हवेने फुटते, आणि व्हिडिओ संथ गतीचाही असू शकतो. आक्षेप रास्त आहे. म्हणून माणसांची चाल सहज दिसते का, हे आधी पाहायचे आणि या आकड्याने फक्त चुकीच्या जागा वगळायच्या. तीसच चौकटींत खाली पोचणारे पाणी पाच मीटरच्याच आसपासचे असते. तो हा बंधारा नव्हे.

चित्र उलटे केलेले असले, तर धबधब्यांची डावी-उजवी बाजू बदलते आणि रेषा जुळत नाहीत; म्हणून एकदा आरशातली प्रतही तपासावी. एवढे करून सिद्ध होते ती जागा. तारीख नाही. गेल्या वर्षीच्या पुराचा व्हिडिओ या साऱ्या कसोट्यांना तितकाच उतरेल, कारण दगड दरवर्षी तेच असतात. 'आजचे नळदुर्ग' यातल्या 'आजचे' या शब्दासाठी नदीची त्या दिवसाची पातळी किंवा चौकटीत दिसणारी एखादी नवी दुरुस्ती असा वेगळा पुरावा लागतो.