दहा दिवसांचा गणपती : एक मोजणी

गणेशोत्सवाला आपण सर्रास ‘दहा दिवसांचा उत्सव’ म्हणतो. घरी कुणी गणपतीचे विचारले, तर ‘आमचा दहा दिवसांचा’ असे उत्तर येते. पण २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला. बोटांवर मोजू लागले, तर सात तारखेचे एक बोट आणि सतरा तारखेचेही एक बोट धरून अकरा बोटे मिटतात. २०१९ साली हेच झाले, २०२५ सालीही तेच. तरी दर दोन-चार वर्षांनी ‘यंदा बाप्पाचा मुक्काम एक दिवस जास्त’ अशी बातमी अकरा दिवसांच्या वर्षीच छापून येते. खरे तर अकरा हाच या उत्सवाचा नेहमीचा आकडा आहे. ज्या वर्षी दहाच दिवस भरतात, त्या वर्षी एक दिवस कमी झालेला असतो.

ही गफलत मोजण्याच्या दोन रीतींमुळे होते. सतरातून सात वजा केले की दहा उरतात. ही वजाबाकी दोन तारखांमधले अंतर सांगते, म्हणजे मध्ये किती रात्री गेल्या ते सांगते. कुंपणाच्या दहा गाळ्यांना खांब अकरा लागतात, तसे दहा रात्रींच्या दोन्ही टोकांना धरून दिवस अकरा होतात. पहिला आणि शेवटचा, असे दोन्ही दिवस उत्सवाचे असतील, तर वजाबाकीत एक मिळवावाच लागतो. मधे महिना बदलला, की चूक आणखी सहज होते. २०२५ साली २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर असा उत्सव होता. ऑगस्टचे २७ ते ३१ हे पाच दिवस आणि सप्टेंबरचे सहा, मिळून अकरा. येथे एकतीसमधून सत्तावीस वजा करणारा माणूस चार म्हणतो आणि प्रतिष्ठापनेचा दिवसच हिशेबातून गळतो.

मराठी माणसाला दोन्ही टोके धरून मोजणे मुळीच परके नाही. उलट ती आपली जुनी सवय आहे. सात दिवसांच्या कालखंडाला आपण ‘आठवडा’ म्हणतो, कारण या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरून आठ होतात. ‘आठ दिवसांनी ये’ म्हटले, तर पाहुणा त्याच वारी येतो. बाळाचे बारसे बाराव्या दिवशी, तेव्हा जन्माचा दिवस पहिला. मृत्यूनंतरचा दहावा, बारावा, तेरावा मोजतानाही मृत्यूचा दिवस पहिलाच धरतात. नवरात्रही असेच: प्रतिपदेची घटस्थापना हा पहिला दिवस, नवमी हा नववा आणि दहावा दसरा. तेथे नाव आणि आकडा तंतोतंत जुळतात.

गणपतीच्या बाबतीतही लहान मुदतीचे आकडे याच रीतीने चालतात. दीड दिवसाचा गणपती दुसऱ्या दिवशी जातो. पहिला दिवस पूर्ण, दुसरा अर्धा. पाच दिवसांचा पाचव्या दिवशी आणि सात दिवसांचा सातव्या दिवशी. २०२४ च्या तारखा घेतल्या, तर ७ सप्टेंबर हा पहिला, म्हणून पाचवा ११ ला आणि सातवा १३ ला. येथवर कुणाची चूक होत नाही. याच चालीने दहा दिवसांचा गणपती १६ तारखेला जायला हवा होता. तो गेला १७ ला. म्हणजे पाच आणि सात हे मोजलेले आकडे आहेत, पण दहा हा मोजलेला आकडा नाही. दहा दिवसांच्या गणपतीचे विसर्जन पहिल्या दिवसापासून मोजून ठरतच नाही. ते अनंत चतुर्दशीला बांधलेले आहे आणि ती तिथी येईल तेव्हा येते. पालिका आणि वर्तमानपत्रे विसर्जनाची आकडेवारी देताना ‘दीड दिवस, पाचवा दिवस, सातवा दिवस’ यांच्यानंतर बहुधा ‘अकरावा दिवस’ असेच लिहितात, ते योग्यच आहे.

मग ‘दहा’ हा शब्द आला कोठून? माझा तर्क असा, की तो तिथींच्या वजाबाकीतून आला. भाद्रपद शुद्ध चौथ ते चौदस, चौदातून चार गेले, दहा उरले. दुसरा तर्क रात्रींचा. प्रतिष्ठापना माध्यान्हाला होते, म्हणून पहिल्या दिवशी सकाळची आरती नसते. शेवटच्या दिवशी उत्तरपूजेनंतर रात्रीची आरती नसते. अकरा दिवसांच्या मुक्कामात सकाळच्या आरत्या दहा आणि रात्रीच्याही दहाच होतात. मूर्ती घरात दहा रात्री असते. हा हिशेब सुबक आहे, पण पाच दिवसांच्या गणपतीच्या रात्री चारच भरतात आणि त्याला कुणी चार दिवसांचा म्हणत नाही. म्हणून पहिला तर्क मला अधिक पटतो.

आता चौथ ते चौदस दोन्ही धरून अकरा तिथी कायमच्या ठरलेल्या आहेत. मग काही वर्षी दहा आणि काही वर्षी बारा दिवस कसे होतात? तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्राला बारा अंश पुढे जायला लागणारा वेळ. चंद्राचा वेग सारखा नसल्यामुळे तिथी कधी वीस तासांच्या आसपास आटोपते, तर कधी सव्वीस-सत्तावीस तासांपर्यंत लांबते. दिवस मात्र चोवीस तासांचाच. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल, तिचे नाव त्या दिवसाला मिळते. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिच्या वाट्याला एकही दिवस येत नाही. तो तिथीचा क्षय. एखादीने दोन सूर्योदय पाहिले, तर तिच्या नावाचे दोन दिवस होतात, ती वृद्धी.

२०२१ साल पाहा. चतुर्थी १० सप्टेंबरला होती. तेथून रोज एक तिथी अशी सरळ रांग १८ तारखेच्या द्वादशीपर्यंत गेली. त्या दिवशी सकाळी सातच्या थोडे आधी द्वादशी संपली आणि त्रयोदशी लागली. ती १९ तारखेला पहाटे सहाच्या सुमारास संपली. मुंबईत त्या दिवसांत सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. म्हणजे १८ च्या सूर्योदयाला द्वादशी होती आणि १९ च्या सूर्योदयाला थेट चतुर्दशी. त्रयोदशी मधल्या मधे विरली. १० ते १९ दोन्ही धरून दहा दिवस. त्या वर्षी ‘दहा दिवसांचा गणपती’ हे शब्द अक्षरशः खरे ठरले, तेही एक तिथी गळाल्यामुळे. याच वेळा कोलकात्याला लावून पाहिल्या, तर तेथला सूर्योदय तासभर आधी, साडेपाचच्या सुमारास. तेथे १९ च्या सूर्योदयाला त्रयोदशी चालूच होती. क्षय हा आकाशात होत नाही, तो आपल्या क्षितिजावर होतो.

२०१७ साली उलट घडले. २५ ऑगस्टला चतुर्थी आणि ५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. ऑगस्टचे सात दिवस, सप्टेंबरचे पाच, एकूण बारा. चंद्र तेव्हा पृथ्वीपासून दूरच्या टोकाजवळ, म्हणून संथ होता. दशमी ३१ ऑगस्टच्या सूर्योदयाला होती आणि १ सप्टेंबरच्या सूर्योदयालाही होती. एकाच तिथीने दोन दिवस घेतले.

येथवर सगळे क्षय-वृद्धीने सुटले असे वाटते. पण २०२६ चे पंचांग उघडले, की आणखी एक गोष्ट कळते. त्यात गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला. पुन्हा बारा दिवस, पण मधे एकाही तिथीची वृद्धी नाही. मग जादा दिवस कोठून आला? १४ तारखेच्या सूर्योदयाला तृतीयाच आहे. चतुर्थी लागते सकाळी सातच्या पुढे आणि दुसऱ्या दिवशी पावणेआठच्या आत संपते. सूर्योदयाच्या नियमाने चतुर्थीचा दिवस १५ हा होता. परंतु गणेश चतुर्थीला तो नियम लागत नाही. तिला माध्यान्ही चतुर्थी हवी. दिवसमानाचे पाच भाग केले, तर तिसरा भाग म्हणजे माध्यान्ह; सप्टेंबरात मुंबईला तो साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन असा येतो. त्या वेळी चतुर्थी १४ लाच आहे, म्हणून पूजा १४ ला. अनंत चतुर्दशी मात्र सूर्योदयाच्या तिथीवर ठरते. उत्सवाचे एक टोक दुपारी खुंटीला अडकवलेले आहे आणि दुसरे पहाटे. या दोन नियमांच्या फटीतून एक पूर्ण दिवस आत येतो. नुसता क्षय-वृद्धीचा रकाना पाहून दिवस सांगणारा येथे हमखास चुकतो.

गौरींबरोबर जाणाऱ्या गणपतीचा हिशेब याहून वेगळा. गौरी तिथीने नव्हे, नक्षत्राने येतात: अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. २०२१ साली गौरीविसर्जन १४ सप्टेंबरला, म्हणजे पाचव्या दिवशी आले. २०१७ साली ते ३१ ऑगस्टला, सातव्या दिवशी. म्हणून ‘आमचा गौरी-गणपती पाच दिवसांचा’ हे दरवर्षी खरे असेलच असे नाही. अशा घरांनी आकडा सोडून नक्षत्राचा रकाना पाहावा.

उरला प्रश्न शेवटच्या दिवसाचा. पुण्याची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक लांबते, मुंबईतले मोठे गणपती दुसऱ्या दिवशी गिरगावच्या समुद्रात उतरतात. मग तो दिवसही मोजायचा का? शास्त्राने पाहिले तर नाही. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली, की प्राणप्रतिष्ठेने आलेले देवत्व निरोप घेते. नंतर पाण्याकडे जाते ती मूर्ती. मोजणी उत्तरपूजेच्या दिवशी संपते, मिरवणूक कितीही रेंगाळो. मंडपवाला मात्र त्याच्या भाड्यात तोही दिवस धरतो. त्याच्या दृष्टीने मांडव उभा आहे तोवर उत्सव आहे. मंडळाच्या खजिनदाराने करार करताना ‘दहा दिवस’ असे न लिहिता दोन्ही तारखा लिहाव्यात आणि ‘दोन्ही दिवस धरून’ हे तीन शब्द जोडावेत.