स्लॅब ओतण्याआधी लिहायची गुणवत्ता योजना

गुणवत्ता व्यवस्थापन योजना म्हणजे एका विशिष्ट कामापुरता लिहिलेला दस्तऐवज. काम कोणत्या मानकांप्रमाणे होणार, ते तसे झाले हे कशावरून ठरवायचे, तपासणी कोणी आणि केव्हा करायची, आणि काही चुकले तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे त्यात काम सुरू होण्याआधी ठरते. आयएसओ ९००१ हे संपूर्ण संस्थेच्या गुणवत्ता व्यवस्थेचे मानक आहे. एका कामाची योजना कशी लिहावी याचे मार्गदर्शन आयएसओ १०००५ मध्ये मिळते. अनेक कंत्राटदारांकडे तयार साचा असतो, त्यातले कामाचे नाव बदलून तो सादर होतो. असा कागद कंत्राटाची अट पूर्ण करतो, पण साइटवर कोणी तो उघडून पाहत नाही, कारण त्या कामाचा एकही आकडा त्यात नसतो.

योजना कशी बांधायची हे एका कामावरून चांगले समजते. समजा, विदर्भातल्या एका गावात शाळेची दुमजली इमारत बांधायची आहे. पहिल्या मजल्याच्या स्लॅबला बीमसकट ४० घनमीटर काँक्रीट लागणार आहे, दर्जा एम २५, सिमेंट पीपीसी, आणि काँक्रीट जवळच्या आरएमसी प्लांटवरून ट्रान्झिट मिक्सरने येणार आहे. एम २५ मधला २५ हा आकडा २८ दिवसांनंतरची ताकद सांगतो, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. १५० मिलिमीटरच्या क्यूबच्या एका बाजूचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे २५ ची ताकद असलेला क्यूब सुमारे ५७ टन भार पेलून मगच फुटतो.

योजनेचा पहिला भाग मानकांचा. ‘सर्व काम संबंधित भारतीय मानकांनुसार होईल’ हे वाक्य बहुतेक योजनांत सापडते आणि त्याचा उपयोग शून्य असतो. या स्लॅबसाठी आयएस ४५६ हे मुख्य मानक, तयार काँक्रीटसाठी आयएस ४९२६, क्यूबच्या चाचणीसाठी आयएस ५१६ आणि उन्हाळ्यातल्या काँक्रीटसाठी आयएस ७८६१. प्रत्येकाचे वर्ष आणि लागू दुरुस्त्या लिहाव्या लागतात, कारण आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीतले क्यूब स्वीकारण्याचे निकष पुढे दुरुस्तीने बदलले. जुनी छापील प्रत हाताशी असलेला इंजिनिअर आणि नवी दुरुस्ती वाचलेला सल्लागार एकाच निकालावरून दोन वेगळे निष्कर्ष काढू शकतात.

मानकातून या कामाला लागू असलेले आकडे उचलून योजनेत आणणे ही पुढची पायरी. हे काँक्रीट ‘मध्यम’ परिस्थितीतले धरले, तर पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.५० आणि सळईवरचे कव्हर किमान ३० मिलिमीटर. कव्हरला १० मिलिमीटर जास्तीची सूट आहे, कमीची अजिबात नाही. पीपीसी वापरल्यामुळे क्युरिंग किमान १० दिवस. ओततेवेळी काँक्रीटचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आत हवे. विदर्भातल्या मे महिन्यात ही शेवटची अट दुपारी पाळणे अवघड असते, म्हणून ओतकाम पहाटे सुरू करायचे हेही योजनेतच लिहून ठेवावे.

दुसरा भाग तपासणीच्या टप्प्यांचा. काही टप्प्यांवर सल्लागाराने हजर राहणे पुरेसे असते. काहींवर मात्र त्याची लेखी सही झाल्याशिवाय पुढचे काम सुरूच करता येत नाही. या दुसऱ्या प्रकाराला साइटवर ‘होल्ड पॉइंट’ म्हणतात. स्लॅबच्या कामात खरा होल्ड पॉइंट एकच असतो: शटरिंग आणि सळई पूर्ण झाल्यावर, पहिला मिक्सर मागवण्याआधी. काँक्रीट पडले की सळईचे अंतर, कव्हर ब्लॉक, विजेच्या पाइपांची गर्दी यातले काहीच दिसत नाही. तपासणीची सूचना किमान २४ तास आधी लेखी द्यावी, ही अट घातली नाही तर संध्याकाळी फोन येतो आणि रात्री टॉर्चच्या उजेडात सही होते. होल्ड पॉइंटची संख्या वाढवून योजना कडक होत नाही. पंधरा ठिकाणी सही लागत असेल, तर सगळ्या सह्या आठवड्याच्या शेवटी एकत्र होऊ लागतात.

मिक्सर गेटवर आल्यावरच्या तपासण्या सोप्या, पण तिथेच सर्वाधिक बिघडते. चलनावरची लोडिंगची वेळ पाहायची. आयएस ४९२६ प्रमाणे साधारणतः दोन तासांत काँक्रीट उतरले पाहिजे. मग स्लंप घ्यायचा. मिक्स डिझाइनमध्ये तो १०० मिलिमीटर ठरला असेल, तर योजनेत ७५ ते १२५ ही मर्यादा लिहायची. काँक्रीट घट्ट वाटले की मिक्सरमध्ये पाइप सोडून पाणी घालण्याची सवय सगळीकडे आहे. घनमीटरला ३४० किलो सिमेंट आणि ०.४८ चे प्रमाण असेल, तर ६ घनमीटरच्या एका मिक्सरमध्ये फक्त ५० लिटर जादा पाणी घातल्याने प्रमाण ०.५० च्या वर जाते. म्हणून ‘साइटवर पाणी घालण्यास मनाई’ एवढे लिहून भागत नाही. स्लंप कमी आला तर प्लांटच्या तंत्रज्ञाने ठरलेल्या मात्रेत अ‍ॅडमिक्श्चर घालायचे, की मिक्सर परत पाठवायचा, आणि हा निर्णय गेटवर कोण घेणार, हे योजनेत असावे लागते.

यानंतर मोजमाप. आयएस ४५६ नुसार ३१ ते ५० घनमीटरच्या कामाला चार नमुने लागतात. प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब आणि तिघांची सरासरी म्हणजे एक निकाल; मात्र तिघांपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेला, तर तो नमुनाच बाद. २८ दिवसांसाठी १२ आणि ७ दिवसांच्या आगाऊ अंदाजासाठी आणखी १२, असे २४ क्यूब होतात. सात मिक्सर येणार असतील, तर त्यातल्या कोणत्या चारांतून नमुना घ्यायचा हे आधीच चिठ्ठीने ठरवून सल्लागाराकडे ठेवावे. मुकादमावर सोडले तर सगळ्यात चांगल्या दिसणाऱ्या काँक्रीटचे क्यूब भरले जातात. क्यूब तीन थरांत भरायचे, हाताने ठोकायचे असेल तर प्रत्येक थराला किमान ३५ ठोके, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून २७ अंशांच्या आसपास तापमान राखलेल्या पाण्यात. उन्हात तापलेल्या पिंपात ठेवलेले क्यूब प्रयोगशाळेच्या निकालाला अर्थ उरू देत नाहीत.

निकाल आल्यावर काय करायचे, याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. समजा, चार नमुन्यांचे निकाल २७, २८.५, २६ आणि २९.५ आले. चारही २५ च्या वर आहेत, त्यामुळे साइटवर सगळे निर्धास्त होतात. पण आयएस ४५६ ची अट दुहेरी आहे. प्रत्येक निकाल २५ वजा ३, म्हणजे २२ च्या खाली नको. ही अट पाळली गेली. शिवाय लागोपाठच्या चार निकालांची सरासरी २५ अधिक ३, किंवा २५ अधिक प्रमाण विचलनाच्या ०.८२५ पट, यातल्या मोठ्या आकड्याइतकी हवी. साइटचे स्वतःचे विचलन ठरलेले नसेल तर एम २५ साठी ते ४ धरतात. त्यावरून अपेक्षित सरासरी २८.३ येते, जवळच्या अर्ध्यात २८.५. प्रत्यक्ष सरासरी आहे २७.७५. काँक्रीट नापास. हा नियम असा आहे याचे कारण, क्यूबमध्ये आलेले काँक्रीट हे चाळीस घनमीटरांतला चिमूटभर अंश असते; सरासरी पुरेशी वर असल्याशिवाय बाकीच्या ढिगात २५ च्या खालचा भाग किती आहे याची खात्री देता येत नाही.

आणि हे कळते २८ दिवसांनी, तोवर वरच्या मजल्याचे कॉलम उभे राहिलेले असतात. म्हणून ७ दिवसांच्या निकालाला योजनेत इशारा म्हणून जागा द्यावी: मिक्स डिझाइनच्या चाचणीत ७ दिवसांना जी ताकद मिळाली होती, त्याहून निकाल ठरावीक टक्क्यांनी खाली आला, तर टेकू काढायचे नाहीत आणि वर भार चढवायचा नाही. हा आकडा स्वीकारण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी मात्र वापरायचा नाही.

जबाबदाऱ्यांच्या भागात एका कामासमोर एकच पद लिहावे. ‘साइट इंजिनिअर व गुणवत्ता इंजिनिअर’ असे दोघे लिहिले की क्यूब कोणीच वेळेवर प्रयोगशाळेत नेत नाही. गेटवर मिक्सर परत पाठवण्याचा अधिकार गुणवत्ता इंजिनिअरला द्यावा, आणि त्याने अहवाल साइट मॅनेजरला न देता थेट मुख्य कार्यालयाला द्यावा. साइट मॅनेजरचे महिन्याचे बिल ओतलेल्या घनमीटरांवर ठरते. त्याच्या हाताखालचा माणूस मिक्सर परत पाठवू शकत नाही, मग योजनेत काहीही लिहिलेले असो.

ऑडिट हे तपासणीहून वेगळे आहे. तपासणीत स्लॅब पाहतात, ऑडिटमध्ये योजना पाळली जाते का ते पाहतात, आणि ते करणारा त्या कामाशी बांधलेला नसावा. ऑडिट कसे करावे यासाठी आयएसओ १९०११ आहे. पण या साइटवर ऑडिटरने कुठे पाहावे ते योजनेत लिहिले तर वेळ वाया जात नाही. क्यूब रजिस्टरमधली भरण्याची तारीख आणि मिक्सरच्या चलनाची तारीख जुळते का, दाबयंत्राचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मुदतीत आहे का, होल्ड पॉइंटवरची सही पहिल्या चलनाच्या वेळेआधीची आहे का. महिनोन्‌महिने २९.२, २९.३, २९.१ असे जवळजवळ सारखे निकाल दिसले तर संशय घ्यावा. खऱ्या काँक्रीटच्या निकालांत चढउतार असतोच. तो नाहीसा झाला की रजिस्टर खुर्चीत बसून भरले जाते आहे असे समजायला हरकत नाही.

राहिला नापास स्लॅबचा प्रश्न. योजनेत त्याचा क्रम आधीच लिहिलेला असावा, नाहीतर ती चर्चा बिलाच्या दबावाखाली होते. प्रथम विसंगतीचा लेखी अहवाल आणि वरच्या मजल्याचे काम बंद. मग स्लॅबमधून किमान तीन कोअर काढून त्यांची ताकद क्यूबच्या तुलनेत मोजायची. सरासरी दर्जाच्या ८५ टक्के, म्हणजे २१.२५ किंवा जास्त, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १८.७५ च्या खाली नसेल, तर आयएस ४५६ नुसार त्या भागातले काँक्रीट स्वीकारता येते. कोअरही नापास झाले तर स्ट्रक्चरल सल्लागार प्रत्यक्ष भार देऊन चाचणी, मजबुतीकरण किंवा पाडणे यातला निर्णय घेतो. कोअर काढण्याचा आणि नंतर भोके भरण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर, ही ओळ कंत्राटात आणि योजनेत सारखीच असली पाहिजे.