शून्य म्हणणारा मुलगा

सांगलीच्या एका वाचक भगिनींनी एक निकडीची पृच्छा केली आहे. समुपदेशनात 'शून्य ते दहापैकी किती महत्त्वाचे?' या प्रश्नाला 'चार' असे उत्तर आल्यास 'दहा का नाही?' असे न विचारता 'शून्य का नाही?' असे विचारावे, हे त्यांना पटले. परंतु आईवडिलांनी बळेच आणलेला मुलगा थेट 'शून्य' म्हणाला तर काय करावे?

माझ्या अनुभवात अशा वेळी बहुधा प्रश्नच चुकलेला असतो. 'येथे येणे तुला किती महत्त्वाचे?' असे विचारले की मुलगा आईवडिलांच्या निर्णयावर निकाल देतो आणि स्वतःच्या आयुष्याविषयी काहीच बोलत नाही. महाविद्यालय बुडवून दार लावून बसणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाशी होणारा संवाद उदाहरणादाखल पाहू.

"शून्य. आईला वाटलं म्हणून आलोय."

"म्हणजे तुला न विचारताच हे ठरलं."

"हो ना! रोज तेच. का उठला नाहीस, का गेला नाहीस."

"या रोजच्या कटकटीचा तुला वीट आलाय."

"खूप."

"ती थांबणं तुला किती महत्त्वाचं आहे?"

"नऊ."

"इतकं? ते का?"

"पूर्वी बाबांशी गप्पा व्हायच्या. आता नुसती भांडणं होतात."

समुपदेशकाची पहिली दोन वाक्ये प्रश्नार्थक नाहीत, ती खालच्या स्वरात संपणारी विधाने आहेत. प्रश्नाला मुलगा बचावाचे उत्तर देतो, विधानाला पुस्ती जोडतो. यानंतर समुपदेशक म्हणतो, "इथे येणं तुझ्यावर लादलं गेलंय, आणि बाबांशी पूर्वीसारखं बोलता यावं असंही तुला वाटतं." विरोध आधी आणि इच्छा शेवटी, हा क्रम हेतुपुरस्सर आहे, कारण मुलगा बहुधा शेवटचाच धागा उचलतो. याच जागी "अरे, पण आईला काळजी वाटते" असे म्हटले असते, तर मुलाने दुसऱ्या पक्षाची वकिली पत्करली असती. त्याची 'हो, पण' अशी उत्तरे सुरू झाली, किंवा त्याच्यापेक्षा आपणच अधिक बोलू लागलो, की मार्ग सुटला असे समजावे आणि पुन्हा विधानाकडे वळावे.

मात्र स्वतःला इजा करण्याचा विचार सूचित झाला, तर मोजपट्टी बाजूस ठेवून स्पष्ट शब्दांत विचारावे आणि पालकांना सामील करून घ्यावे. गुप्ततेची ही मर्यादा पहिल्याच भेटीच्या आरंभी मुलाला व पालकांना एकत्र सांगून ठेवलेली असावी.

पालकांना एक विनंती: परतताना मुलाला "आत काय विचारलं?" असे विचारू नका. त्याला सांगावेसे वाटेल ते तो सांगेल.