जप्त झालेली गाडी परत कशी मिळते?

पोलिसांनी जप्त केलेली गाडी सोडवण्याचे मार्ग दोन आहेत. कोणत्या मार्गाने जायचे, हे जप्ती कोणत्या कलमाखाली झाली यावर ठरते. म्हणून ठाण्यात गेल्यावर आधी जप्तीची पावती घेऊन तिच्यावरचे कलम पाहावे.

विनापरवाना किंवा नोंदणी नसलेली गाडी चालवल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०७ नुसार ती ताब्यात घेतली जाते. अशी गाडी सोडवण्यासाठी मालकाने आरटीओ किंवा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे कागदपत्रांसह अर्ज करायचा असतो. आरसी, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र लागते. विनापरवाना चालकाला दंड ५,००० रुपये आहे. त्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकावरही वेगळी कारवाई होऊ शकते. दंड भरला तरी गाडी घरी न्यायला परवानाधारक चालक लागतोच. कागद पूर्ण असले, तर हे काम बहुधा एक-दोन दिवसांत उरकते.

गुन्हा दाखल झाला असेल, तर मात्र गाडी खटल्याचा मुद्देमाल ठरते आणि ती सोडण्याचा आदेश न्यायालय देते. समजा, एका दुचाकीने पादचाऱ्याला धडक दिली. पोलीस पंचनामा करून दुचाकी ठाण्यात ठेवतात आणि मोटार वाहन निरीक्षक तिचे ब्रेक व नुकसान तपासतो. ही तपासणी होण्याआधी अर्ज केल्यास पोलीस सहसा हरकत घेतात. तपासणीनंतर नोंदणीकृत मालक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो. सोबत आरसी, विमा आणि परवान्याच्या प्रती जोडतो. न्यायालय पोलीस आणि सरकारी वकिलाचे म्हणणे मागवते. आदेश झाला की गाडीचे फोटो काढले जातात, मालक ठरावीक रकमेचे बंधपत्र देतो आणि गाडी सुपूर्तनाम्यावर मिळते. खटला संपेपर्यंत ती विकायची नाही, तिच्यात बदल करायचा नाही आणि बोलावल्यावर हजर करायची, अशा अटी साधारणपणे असतात.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. जुनी गाडी घेतलेल्याने आरसी आपल्या नावावर केलेली नसते, म्हणून नोंदीवरच्या पहिल्या मालकाला शोधावे लागते. दुसरे कारण म्हणजे अपघाताच्या दिवशी विमा संपलेला असणे. नंतर काढलेली पॉलिसी त्या दिवसाला लागू होत नाही, म्हणून जखमीच्या भरपाईसाठी पुरेशी हमी मागितली जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले की जप्त गाड्या ठाण्यात गंजत ठेवू नयेत. फोटो, पंचनामा व हमी घेऊन त्या लवकर सोडाव्यात आणि पंधरा दिवस ते एक महिन्यापेक्षा जास्त काळ ठाण्यात राहू देऊ नयेत. अर्जात या निकालाचा उल्लेख करतात. अर्ज फेटाळला गेल्यास सत्र न्यायालयात दाद मागता येते.