बेरीज आली, पण कशाची?

स्प्रेडशीटमधली सगळ्यात धोक्याची चूक कुठलाही आवाज करत नाही. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही. तळाशी एक नीटनेटकी बेरीज दिसते आणि आपण ती वहीत उतरवून मोकळे होतो. रक्कम कमी का आली, हा प्रश्न तपासनीस आल्यावर पडतो.

एका छोट्या गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घेऊ. आठ सभासदांनी एप्रिल २०२४ मध्ये देखभाल खर्चाचे पैसे भरले आहेत. काही नोंदी खजिनदारांनी स्वतः केल्या, काही ऑफिसातल्या ऑपरेटरने मराठी कीबोर्डवर केल्या, काही फोनवर आलेल्या यादीतून आणि एका वेब पानावरून उचलून चिकटवल्या. शीट अशी दिसते:

```
     A            B     C
2  02/04/2024    101   2500
3  ०५/०४/२०२४    102   २५००
4  06/04/2024    103   2,500/-
5  12/04/2024    104   3200
6  १५/०४/२०२४    105   1800
7  18/04/2024    106   २५00
8  25/04/2024    107   2500
9  28/04/2024    108   3200
```

कागदावर बेरीज केली तर २०,७०० रुपये होतात. शीटमध्ये `=SUM(C2:C9)` लिहिलं तर उत्तर येतं १०,७००. दहा हजार रुपये गायब, आणि शीटची काही तक्रार नाही.

स्प्रेडशीटला सेलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी ठेवता येतात, संख्या आणि मजकूर. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसू शकतात. `SUM` ला सेलची रांग दिली की ती फक्त संख्या उचलते आणि मजकूर असलेले सेल बाजूला टाकते. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण त्याच रांगेत ‘एकूण’, ‘बाकी’ असे शब्दही असू शकतात. आपल्या शीटमध्ये तिसऱ्या ओळीतले देवनागरी अंक मजकूर म्हणून बसले आहेत. चौथ्या ओळीत रकमेमागे आपल्या सवयीचं `/-` आहे. सातव्या ओळीतल्या रकमेत अर्धे अंक देवनागरी आणि अर्धे इंग्रजी आहेत. आठव्या ओळीत काही बिघाड दिसतच नाही, कारण तिथे 2500 च्या मागे वेब पानावरून आलेली एक न दिसणारी मोकळी जागा चिकटली आहे. या चार ओळींचे प्रत्येकी अडीच हजार बेरजेत आलेच नाहीत.

त्याच रकमा अधिक चिन्हाने मिळवल्या असत्या तर? `=C2+C4` लिहिलं की लगेच `#VALUE!` दिसतं, कारण `2,500/-` ची संख्या कशी करायची हे प्रोग्रॅमला कळत नाही. म्हणजे चूक तीच आहे, पण एका सूत्रात ती ओरडते आणि दुसऱ्यात गप्प बसते. आपण मात्र रोज वापरतो ते गप्प बसणारं सूत्र.

एकाच रकमेत दोन लिप्यांचे अंक येतात कसे, याचं कारण बहुधा हाताखाली असतं. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्टसारखा लेआउट चालू असताना अक्षरांच्या वरच्या ओळीतल्या कळा देवनागरी अंक देऊ शकतात, पण उजवीकडचा वेगळा अंकांचा गठ्ठा इंग्रजी अंकच देतो. ऑपरेटरचा हात मध्येच उजवीकडे गेला की `२५00` तयार होतं. शून्य दोन्हीकडे गोलच असल्यामुळे वाचताना नजर सहज घसरते.

संगणकाला मात्र हा फरक ठळक दिसतो. युनिकोडमध्ये इंग्रजी 0 ते 9 यांचे क्रमांक ४८ ते ५७ आहेत, तर देवनागरी ० ते ९ यांचे २४०६ ते २४१५. दोन्ही वेगळी चिन्हं आहेत. काही प्रोग्रॅम काही सेटिंगमध्ये देवनागरी अंक ओळखून त्यांची संख्या करतातही, पण त्यावर विसंबून हिशेब करू नये. शेजारच्या संगणकावर तीच फाइल वेगळी वागू शकते.

जुन्या कार्यालयांत आणखी एक गुंता आहे आणि त्याची चर्चा फार होत नाही. युनिकोड रुळण्याआधीच्या कित्येक मराठी फॉन्टांमध्ये आतला अंक इंग्रजीच असायचा. फॉन्ट त्याला फक्त देवनागरी रूप द्यायचा. म्हणून पडद्यावर ‘२५००’ दिसत असूनही बेरीज बिनचूक यायची. त्या सवयीने काम केलेली मंडळी युनिकोडवर आली, तेव्हा अंक पूर्वीसारखेच दिसले, पण आतून बदलले होते. ‘इतकी वर्षं चाललं, आता का नाही?’ असं अनुभवी माणूस विचारतो तेव्हा त्याचं म्हणणं खरं असतं.

दोन्ही अंक आपल्याकडे शेजारी शेजारी नांदण्याला कायद्याचीही बाजू आहे. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने केंद्राच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप, म्हणजे 1, 2, 3, ठरवलं. महाराष्ट्र शासनाच्या मराठी कागदपत्रांत देवनागरी अंक येतात. बँकेचं पत्रक एका अंकांत आणि नोटीस दुसऱ्या अंकांत, हे आपलं रोजचं वास्तव आहे. त्यासाठी देवनागरी अंकांना दोष देण्याचं काही कारण नाही.

रकमेपेक्षा तारखेचं दुखणं खोल आहे. एक्सेल तारीख म्हणून खरं तर एक संख्या ठेवतं: १ जानेवारी १९०० हा दिवस १, आणि तिथून पुढे मोजत १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३. आपल्याला दिसते ती त्या संख्येची पोशाखी बाजू. म्हणून ‘एप्रिल महिन्याची जमा’ काढणारं सूत्र या संख्यांची तुलना करतं:

```
=SUMIFS(C2:C9,A2:A9,">="&DATE(2024,4,1),A2:A9,"<="&DATE(2024,4,30))
```

आपल्या शीटवर याचं उत्तर येतं ८,९००. सहाव्या ओळीतली 1800 ही रक्कम अगदी चोख आहे, पण तिची तारीख `१५/०४/२०२४` मजकूर आहे, त्यामुळे ती एप्रिलमध्ये मोजलीच गेली नाही. एकाच शीटमधून आता तीन आकडे निघाले: २०,७००, १०,७०० आणि ८,९००.

संगणकाचं प्रादेशिक सेटिंग अमेरिकन असेल तर याहून वाईट घडतं. तिथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. बँकेची सीएसव्ही फाइल अशा संगणकावर डबल क्लिक करून उघडली, की `02/04/2024` ही २ एप्रिलची नोंद ४ फेब्रुवारीची होते. `28/04/2024` मध्ये अठ्ठाविसावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून राहते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा चुकीच्या महिन्यात जातात आणि उरलेल्या तारखाच राहत नाहीत. मजकूर झालेली तारीख शोधता येते. उलटलेली तारीख मात्र अस्सल तारखेसारखीच वागते, आणि कुठल्याही सूत्राला तिचा संशय येत नाही. अशी शीट दुरुस्त करत बसू नये. मूळ फाइल पुन्हा घ्यावी आणि डेटा मेनूतून `From Text/CSV` ने आणताना तारखेच्या कॉलमला `English (India)` ही पद्धत सांगावी.

बिघाड आहे का, हे ओळखायला एक छोटी वजाबाकी पुरते:

```
=COUNTA(C2:C9)-COUNT(C2:C9)
```

`COUNTA` भरलेले सगळे सेल मोजतं, `COUNT` फक्त संख्या. आपल्या शीटवर उत्तर ४ येतं. हेच A कॉलमवर केलं तर २. नेमका कोणता सेल, हे `=ISNUMBER(C2)` खालपर्यंत ओढून कळतं: जिथे `FALSE`, तिथे मजकूर. संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे बसतो, ही खूणही चांगली आहे, पण कोणी सगळा कॉलम मधोमध केला असेल तर ती पुसली जाते. एक्सेलचा कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण `2,500/-` सारख्या सेलवर येत नाही. तो नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

दुरुस्ती मूळ कॉलमला हात न लावता शेजारच्या कॉलममध्ये करावी. आधी देवनागरी अंक बदलायचे. नव्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये हे एका ओळीत होतं:

```
=REDUCE(C2,SEQUENCE(10,1,0),LAMBDA(a,n,SUBSTITUTE(a,UNICHAR(2406+n),n)))
```

० पासून ९ पर्यंत प्रत्येक देवनागरी अंकाच्या जागी त्याचा इंग्रजी जोडीदार ठेवायचा, एवढंच हे सूत्र करतं. जुन्या एक्सेलमध्ये `SUBSTITUTE` दहा वेळा एकात एक लिहावं लागतं. हे D कॉलममध्ये केलं, की E मध्ये उरलेला कचरा काढून संख्या करायची:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,"/-",""),",",""),UNICHAR(160),""))
```

`UNICHAR(160)` म्हणजे ती न दिसणारी मोकळी जागा. आता E कॉलमची बेरीज २०,७०० येते. एखाद्या सेलमध्ये ‘रु.’ किंवा दुसरं काही उरलं असेल तर तिथे `#VALUE!` दिसेल. ते दिसू द्यावं. पुष्कळजण शीट सुबक दिसावी म्हणून याभोवती `IFERROR` घालून चुकीच्या जागी शून्य ठेवतात. तसं केलं की नुकतीच पकडलेली चूक पुन्हा गप्प होते.

तारखेसाठी अंक बदलल्यावर दिवस, महिना, वर्ष वेगळे काढून स्वतःच जोडावेत. A कॉलमसाठी वरचं अंक बदलणारं सूत्र F मध्ये लिहिलं असेल तर:

```
=IF(ISNUMBER(A2),A2,DATE(RIGHT(F2,4),MID(F2,4,2),LEFT(F2,2)))
```

उत्तर पाच आकडी संख्या दिसली तर त्या सेलला तारखेचं फॉरमॅट द्यावं. तयार `DATEVALUE` इथे वापरू नये, कारण दिवस आधी की महिना हे तो संगणकाच्या सेटिंगवरून ठरवतो. मात्र तारीख `०५/०४/२०२४` अशी पूर्ण लिहिलेली असेल तरच हे सूत्र चालतं. कोणी `५/४/२४` लिहिलं असेल तर तो सेल हातानेच सुधारावा.

आता प्रश्न राहतो देवनागरीत छापण्याचा. सभासदांना जाणाऱ्या ताळेबंदात २०,७०० असंच दिसायला हवं, आणि ते सहज जमतं. सेलमध्ये अंक इंग्रजी ठेवावेत आणि `Format Cells` मधल्या `Custom` मध्ये `[$-4000439]#,##0` लिहावं. एक्सेल आतली संख्या तशीच ठेवून पडद्यावर आणि कागदावर देवनागरी अंक दाखवतं. बेरीज चालते, वाचकालाही आपले अंक मिळतात.

नवी नोंद चुकू नये म्हणून `Data Validation` मध्ये रकमेच्या कॉलमला `Decimal` आणि तारखेच्या कॉलमला `Date` एवढीच परवानगी द्यावी. ही राखण टाइप केलेल्या नोंदीपुरती असते. चिकटवलेली नोंद तिच्या नजरेतून सुटते, आणि बिघडलेल्या नोंदी बऱ्याचदा चिकटवूनच येतात. म्हणून ती वजाबाकी बेरजेच्या शेजारीच कायमची लिहून ठेवा, आणि तिथे शून्य दिसत नाही तोवर बेरजेचा आकडा कोणालाही पाठवू नका.